इंग्रजी टोमणा मराठीत लिहिताना

उरणजवळच्या द्रोणागिरीच्या डी नोडमध्ये कंटेनरची जी गोदामे आणि यार्डे आहेत, त्यांच्या कचेऱ्यांत इंग्रजी आणि मराठी एकाच टेबलावर नांदतात. १९८९ साली न्हावा शेवा बंदर सुरू झाले आणि शेती-मिठागरांच्या या पट्ट्यात शिपिंगची इंग्रजी आली. कागद इंग्रजीत, फोनवरचे बोलणे मराठीत, शिव्या दोन्हींत. अशा ठिकाणी एक छोटा इंग्रजी शेरा रोज कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येतो : ‘नाइस गोइंग’. काम बिघडवणाऱ्याला दिलेली ही शाबासकी. ऐकणाऱ्याला ती झोंबते, कारण आवाज सपाट असतो आणि समोर घोळ पडलेला दिसत असतो. हाच शेरा कथेत, नाटकाच्या पुस्तकात, चित्रपटाच्या उपशीर्षकात किंवा नुसत्या निरोपात मराठीत उतरवायचा झाला, की आवाजही जातो आणि घोळही नजरेआड होतो. उरतात दोन शब्द. त्यांचे काय करायचे, याची मराठीत निरनिराळी उत्तरे दिली गेली आहेत आणि ती सगळी सारख्या किमतीची नाहीत.

एक काल्पनिक प्रसंग घेऊ आणि तोच शेवटपर्यंत धरून ठेवू. निर्यातीचा कंटेनर बंदरात घ्यायचा तर ‘फॉर्म तेरा’ लागतो. त्यावर कंटेनरचा नंबर असतो आणि सीलचा नंबर असतो. कंटेनरच्या नंबरात चार अक्षरे आणि सात आकडे असतात. त्यांतला शेवटचा आकडा पडताळणीचा असल्याने टाइप करताना चूक झाली तर बहुधा संगणकच हटकतो. सीलच्या नंबरामागे असे गणित नसते. तिथे चुकलेला आकडा गेटवर माणसाच्या डोळ्यांनाच सापडतो. आपल्या प्रसंगातल्या कारकुनाने सीलच्या नंबरातला एक आकडा चुकवला, ट्रेलर गेटवरून परत फिरला आणि जहाजाची वेळ टळायची पाळी आली. साहेब त्याच्या टेबलाशी आले, कागद खाली ठेवला आणि म्हणाले, ‘नाइस गोइंग’.

शब्दकोश समोर ठेवून भाषांतर केले तर ‘छान चाललंय’ मिळते. मराठी वाचकाला वाटते, साहेब कामावर खूश आहेत. हे पहिल्या प्रकारचे अपयश : टोमणा मरतो आणि स्तुती जिवंत राहते. सावध भाषांतरकार याला घाबरून ‘काय मूर्खपणा केलास!’ असे लिहितो. हे दुसऱ्या प्रकारचे. अर्थ पोचला, पण साहेब बदलला. इंग्रजीतला साहेब आवाज न चढवणारा, ओठ न हलवता बोचणारा माणूस होता. मराठीत तो खेकसणारा झाला. माझ्या मते दुसरे अपयश जास्त वाईट, कारण ते पकडले जात नाही. ‘छान चाललंय’ वाचून निदान वाचक अडखळतो. ‘मूर्खपणा’ वाचून तो सुखाने पुढे जातो आणि पुस्तकभर एका वेगळ्याच माणसाबद्दल वाचत राहतो.

आवाज गेल्याने किती नुकसान होते, याचे मोजमाप झालेले आहे. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांनी काही वाक्ये गंभीरपणे आणि काही उपरोधाने, एकदा ईमेलने आणि एकदा आवाजात पाठवली. पाठवणाऱ्यांचा अंदाज होता की दोन्हीकडे सुमारे ७८ टक्के वेळा आपला रोख बरोबर ओळखला जाईल. आवाजाच्या बाबतीत ते जवळपास खरे ठरले. ईमेलमध्ये ओळखण्याचे प्रमाण ५६ टक्क्यांच्या आसपास राहिले, म्हणजे नाणे उडवून उत्तर देण्यापेक्षा जेमतेम बरे. भाषांतरकारासाठी यातली बोचरी गोष्ट त्या ७८ मध्ये आहे. लिहिणाऱ्याच्या कानात स्वतःचा आवाज वाजत असतो, म्हणून वाचणाऱ्यालाही तो ऐकू येईल असे त्याला वाटते. भाषांतरकाराच्या कानात तर मूळ इंग्रजी वाजत असते. त्याच्यासारखा फसायला सोपा माणूस दुसरा नाही.

आपल्या परंपरेला हा प्रश्न नवा नाही. आवाजाच्या वळणाने अर्थ फिरतो, त्या वळणाला संस्कृत साहित्यशास्त्राने ‘काकू’ हे नाव दिले आणि रुद्रटाने वक्रोक्तीचे दोन प्रकार सांगताना एक श्लेषावर आणि एक काकूवर बसवला. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त तर आपल्या साहेबाचा सख्खा भाऊ भेटतो. अपकार करणाऱ्याला ‘आपण केवढे उपकार केलेत, आपले सौजन्य काय वर्णावे’ अशा आशयाचे बोलणारा एक श्लोक तिथे उदाहरण म्हणून येतो आणि वाच्यार्थ पूर्णपणे बाजूला सारला गेल्याचा तो नमुना ठरतो. मला त्या उदाहरणात रस आहे तो एका कारणासाठी. तिथे बोलणारा आवाजावर विसंबत नाही. तो उपकारांवर उपकार, सौजन्यावर सौजन्य रचत जातो, इतके की ते खरे असणे अशक्य व्हावे. कागदावरच्या उपरोधाला ही तोड आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी सापडलेली होती.

मराठीने ती उचलली आणि रोजच्या वापरात आणली. इंग्रजी टोमणा बहुतेक वेळा कमी बोलून मारला जातो : दोन शब्द, सपाट आवाज, पूर्णविराम. घरगुती मराठी टोमणा जास्त बोलून मारला जातो. चूक करणाऱ्याने ‘दिवे लावले’, ‘उजेड पाडला’, ‘पराक्रम गाजवला’, ‘अकलेचे तारे तोडले’. उशिरा येणारे महाराज ‘उगवतात’. मदतीच्या नावाखाली काम वाढवणाऱ्याचे ‘अनंत उपकार’ होतात आणि त्याला ‘कोपरापासून नमस्कार’ घडतो. या सगळ्यांत गोष्ट एवढीशी आणि शब्द केवढा, असा बेबनाव आहे. सील नंबरातला एक आकडा चुकवणे आणि पराक्रम यांचा काही मेळ नाही, आणि तो नाही हे कागदावरही दिसते. आवाज नसला तरी चालते.

म्हणून आपल्या प्रसंगाला पहिले चांगले उत्तर ‘वा! दिवे लावलेस’ हे आहे. कुणाही मराठी वाचकाला ते कळेल. बहुतेक भाषांतरकार इथे थांबतात आणि बहुतेक वेळा थांबणे योग्यही असते. पण या उत्तराची एक किंमत आहे, ती क्वचितच हिशेबात धरली जाते. ‘दिवे लावलेस’ हा आता टोमणाच उरला आहे. चांगल्या कामाबद्दल कुणी कुणाला ‘काय दिवे लावलेस!’ म्हणत नाही. ‘नाइस गोइंग’ मात्र खरी शाबासकीही असते. इंग्रजी शब्दांना दोन तोंडे आहेत. आपण निवडलेल्या शब्दाला एकच. खात्री मिळाली, संशय गेला. आणि संशय हीच कित्येकदा त्या प्रसंगातली खरी गंमत असते.

हे ध्यानात घेतले की मराठीतले पर्याय दोन ढिगांत पडतात. एका ढिगात पक्के टोमणे : दिवे लावणे, उजेड पाडणे, ‘मोठा शहाणा लागून गेलास’, ‘दीडशहाणा’. दुसऱ्या ढिगात दोन्हीकडे चालणारे शब्द : ‘वा’, ‘शाब्बास’, ‘कमाल केलीस’, ‘मानलं तुला’, ‘धन्य आहेस’. गाण्याच्या बैठकीत ‘कमाल केलीत’ म्हणणारा माणूस घरी आल्यावर दूध उतू गेलेले पाहून त्याच दोन शब्दांनी टोमणा मारतो. मधे कुठेतरी ‘छान’ आणि ‘बरं झालं’ आहेत. भाषांतर करताना आधी विचारायचा प्रश्न हा की ऐकणाऱ्या पात्राला टोमणा कळला आहे का. कळला असेल आणि तो ओशाळला असेल, तर पहिल्या ढिगातले काहीही चालेल. कळला नसेल, किंवा कळायला दोन क्षण लागले असतील, तर पहिला ढीग बंद. ‘काय दिवे लावलेस’ ऐकून ‘थँक यू सर’ म्हणणारा कारकून मराठीत संभवत नाही. तो बहिरा तरी असेल किंवा नाटक तरी करत असेल. ‘शाब्बास’ ऐकून तसे म्हणणारा सहज संभवतो.

नात्याचा प्रश्न याहून आधीचा आहे, कारण मराठी क्रियापद तो टाळूच देत नाही. इंग्रजी शेऱ्यात कोण कोणाला म्हणतो याची खूण नाही. मराठीत ‘केलंस’, ‘केलंत’ आणि ‘झालं’ यांतून निवड करावीच लागते. साहेब कारकुनाला ‘दिवे लावलेस’ म्हणेल. शेजारच्या टेबलावरचा मित्र ‘वा रे पठ्ठ्या!’ म्हणेल आणि त्यात अर्धी सहानुभूती असेल. उलट दिशेने, चूक साहेबांचीच निघाली, तर कारकून काय म्हणेल? ‘दिवे लावलेत साहेब’ म्हटले तर दुसऱ्या दिवशी दुसरी नोकरी शोधावी लागेल. तो म्हणेल, ‘छान झालं.’ मराठीने ही एक फट ठेवली आहे. ‘छान केलंत’ माणसाला लागते, ‘छान झालं’ घटनेला लागते. आणि घटना कोणी घडवली हे सगळ्यांना ठाऊक असते. इंग्रजीतल्या हाताखालच्या माणसाच्या टोमण्यासाठी याहून अचूक हत्यार मला माहीत नाही. तरी भाषांतरांत ते फार कमी दिसते, कारण मूळ वाक्यात ‘तू’ आहे असे धरून भाषांतरकार कर्ता शोधत बसतो.

आदराचे रूप हेही असेच हत्यार, पण त्याची दिशा उलटी. ज्याला एरवी ‘तू’ म्हणतो, त्याला ‘आपण’ म्हटले की कागदावर आवाज उमटतो. ‘उठलात का आपण? चहा आणू?’ हे आईने दुपारी बाराला अंथरुणातल्या मुलाला म्हटले तर कुठल्याही विशेषणाची गरज उरत नाही. इंग्रजीत हे काम नावाच्या आधी मिस्टर लावून होते. हॅरी पॉटरच्या मालिकेतला स्नेप विद्यार्थ्यांना मिस्टर लावून बोलतो. इंग्रजी शाळेत ती रीत असल्याने तिच्या आड त्याला तिरस्कार लपवता येतो. मराठी शाळेत शिक्षक मुलाला श्रीयुत म्हणत नाहीत, त्यामुळे ‘श्रीयुत पॉटर’ लिहिले तर ते नुसतेच विचित्र दिसते. पण तो शिक्षक इतर मुलांना ‘तू’ म्हणत असेल आणि या एकाच मुलाला मधूनच ‘आपण’ म्हणाला, तर मूळचा काटा जसाच्या तसा येतो. अट एवढीच की आधी दहा पानांत ‘तू’ नीट रुजलेले हवे. टोमणा त्या ओळीत लिहिला जात असला तरी त्याची पेरणी आधी करावी लागते. भाषांतरकार एकेका वाक्यापुरता विचार करतो, तेव्हा हे त्याच्या हातून निसटते.

मग येतात ते छोटे शब्द आणि शब्दांची जागा. मला विचाराल तर मराठी उपरोधाचा खरा जीव इथे आहे, म्हणींत नाही. ‘तू हुशार आहेस’ ही माहिती झाली. ‘हुशारच आहेस!’ इथे ‘च’ आल्याबरोबर संशय येतो. ‘आहेस हो हुशार!’ इथे क्रियापद पुढे आले आणि संशय बळावला. ‘आला मोठा हुशार!’ इथे खटला संपला. मराठी वाक्याचे क्रियापद शेवटी बसते हे वाचकाच्या अंगवळणी पडलेले असल्याने ते पुढे सरकले की कान टवकारतात. म्हणजे जे काम इंग्रजीत आवाजाची चढ-उतार करते, त्यातले बरेचसे मराठीत शब्दांच्या क्रमाने होते, आणि क्रम तर कागदावर छापता येतो. इंग्रजीला ही सोय जवळजवळ नाही. हे लक्षात न घेता कर्ता-कर्म-क्रियापद अशी शिस्तीची वाक्ये लिहिणारा भाषांतरकार हातातली सर्वांत चांगली वस्तू पेटीतच ठेवतो.

‘म्हणे’ आणि ‘मारे’ या दोघांना वेगळे मानाचे पान द्यायला हवे. डॅन स्पर्बर आणि डिअड्रा विल्सन यांनी १९८१ मध्ये अशी मांडणी केली की उपरोध म्हणजे उलट अर्थ बोलणे नव्हे. उपरोध करणारा कुणाचे तरी वाक्य किंवा विचार जणू उद्धृत करतो आणि त्यापासून स्वतःला दूर ठेवतो. आपला साहेब ‘नाइस गोइंग’ म्हणतो तेव्हा तो, सगळे सुरळीत झाले असते तर जे म्हटले गेले असते, त्याचा प्रतिध्वनी ऐकवतो. ही कल्पना इंग्रजीत समजावून सांगायला पाने लागतात. मराठीत प्रतिध्वनीसाठी तयार शब्दच आहे. ‘सगळं तपासलंय म्हणे!’ असे लिहिले की हे दुसऱ्याचे बोलणे आहे, आणि आपला त्यावर विश्वास नाही, या दोन्ही गोष्टी एका शब्दात येतात. ‘मारे सांगत होता, माझ्या हातून आकडा चुकत नाही’ यात कारकुनाची आधीची बढाई आणि आताची फजिती एकमेकींशेजारी बसतात. ज्या इंग्रजी टोमण्यात आधी कुणी काही बोलून गेलेले असते, तिथे मी पहिल्यांदा ‘म्हणे’ लावून पाहीन. ‘येह, राइट’ किंवा ‘शुअर’ यांसारख्या शेऱ्यांना एकेक मराठी शब्द शोधण्यापेक्षा, समोरच्याचे वाक्य परत म्हणून त्याला ‘म्हणे’ जोडले की काम होते. ‘मी उद्या येतो.’ ‘येतो म्हणे उद्या!’ मूळ दोन शब्दांचा मागमूस राहत नाही आणि टोमणा मात्र अख्खा पोचतो.

एवढे करूनही धीर न होणारे लोक दोन कुबड्या वापरतात. पहिली ‘तो उपरोधाने म्हणाला’. ही फारशी उपयोगाची नाही, कारण ती बहुधा वाक्य वाचून झाल्यावर येते. तोवर वाचकाने ते वाक्य सरळ वाचून टाकलेले असते. लावायचीच तर आधी लावावी आणि क्रिया म्हणून लावावी : साहेबांनी कागद त्याच्याकडे सरकवला, चष्मा काढला आणि मग ‘वा’ म्हटले. ‘खोचकपणे’, ‘कुत्सितपणे’, ‘तिरकसपणे’ ही क्रियाविशेषणे एका पानावर तीनदा आली की टोमण्यांत दम नाही असे खुशाल समजावे.

दुसरी कुबडी चिन्हांची. मोडीत विरामचिन्हे नव्हती. छापील मराठीत ती आणण्याचे श्रेय मेजर कँडी यांना दिले जाते. त्या चिन्हांत उपरोधासाठी वेगळे चिन्ह नव्हते, कारण इंग्रजीतही ते नव्हते. लंडनचा मुद्रक हेन्री डेनम याने १५८० च्या दशकात उत्तराची अपेक्षा नसलेल्या प्रश्नासाठी उलटे प्रश्नचिन्ह वापरून पाहिले. फ्रान्समध्ये अल्काँतेर द ब्राम याने १८९९ मध्ये खास उपरोधासाठी चिन्ह सुचवले. दोन्ही टिकली नाहीत. टिकले ते कंसातले उद्गारचिन्ह. बीबीसीच्या उपशीर्षकांच्या नियमांत उपरोधी वाक्यानंतर (!) आणि उपरोधी प्रश्नानंतर (?) द्यावे असे सांगितले आहे. ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकासाठी ते योग्यच आहे, कारण त्याच्यापासून आवाज हिरावला गेलेला असतो. मराठी वर्तमानपत्रांत हे (!) सर्रास दिसते आणि मंत्र्याच्या आश्वासनापुढे ते वाचकाला अचूक कळते. कथा-कादंबरीत मात्र मी ते वापरणार नाही. तिथे ते लेखकाने पानाच्या कडेला उभे राहून डोळा मारल्यासारखे दिसते. एकेरी अवतरणांचे तर आता काही खरे राहिलेले नाही. वर्तमानपत्रांनी ‘विकास’ असा लिहून उपरोध दाखवायला शिकवले, पण आपल्या दुकानांच्या पाट्यांवर ‘ताजी’ भाजी आणि ‘शुद्ध’ तूप अवतरणांतच असते, आणि तिथे ते मनापासून लिहिलेले असते.

उपशीर्षकांची अडचण वेगळी आहे. तिथे दोन ओळी आणि काही सेकंद मिळतात, पण पडद्यावर चेहराही असतो आणि आवाजही असतो. म्हणून तिथे पक्का टोमणा वापरणे उलट बोजड होते. नट भुवई उंचावून जे करतो, तेच खाली शब्दांनी पुन्हा केले की दोन्ही फिके पडतात. उपशीर्षकात नुसते ‘छान!’ पुरते. रंगभूमीचेही तेच. पु. ल. देशपांडे यांनी शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून ‘ती फुलराणी’ केली तेव्हा त्यांच्यापुढे काम अवघड होते, पण उपरोधाच्या बाबतीत त्यांना एक आधार होता : वाक्य कागदावर पडून राहणार नव्हते, ते कुणीतरी बोलणार होते. कादंबरीच्या भाषांतरकाराला तो आधार नाही. म्हणून नाटकाच्या अनुवादातले यशस्वी टोमणे उचलून गद्यात बसवायला जाणे फसवे ठरते.

लांब पल्ल्याचा उपरोध हा स्वतंत्र विषय आहे. त्यातली एकच गोष्ट इथे सांगतो, कारण ती मराठी शैलीच्या एका समजुतीशी भिडते. ‘ज्यूलियस सीझर’मध्ये अँटनी भर चौकात ब्रूटसला पुन्हा पुन्हा सन्माननीय म्हणतो. पहिल्या वेळी ते खरे वाटते, दुसऱ्या वेळी थोडे जास्त वाटते आणि हळूहळू जमाव त्याच शब्दावरून खवळतो. म्हणजे शब्द बदलत नाही. त्याचा अर्थ जागच्या जागी सडत जातो. आपल्याला शाळेत शिकवलेले असते की एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये. ही शिकवण पाळून कोणी ब्रूटसला आधी सन्माननीय, मग थोर, मग आदरणीय केले, तर भाषणाचा कणाच मोडतो. शब्द निवडतानाही सांभाळावे लागते. ‘माननीय’ हा शब्द आपल्या चौकाचौकांतल्या फलकांनी इतका वापरला आहे की तो पहिल्याच उच्चाराला थोडा वाकडा ऐकू येतो, आणि अँटनीला तर सुरुवात सरळ शब्दाने करायची असते. तो कसलेला वक्ता असल्याने त्याचा उपरोध त्याच्या श्रोत्यांना कळतो तरी. डॅनियल डिफोचे तसे झाले नाही. त्याने १७०२ मध्ये कडव्या धर्माभिमान्याचा आव आणून, प्रस्थापित चर्चबाहेरच्या पंथीयांना निपटून काढावे असे पत्रक लिहिले. ते आधी अनेकांनी सरळ वाचले, मग कळल्यावर दोन्ही बाजू चिडल्या आणि १७०३ च्या जुलैत त्याला भर रस्त्यात खोड्यात उभे केले गेले. त्याच्या पत्रकात अतिशयोक्ती भरपूर होती. पण तसे खरोखर बोलणारे लोकही त्या काळी होते. शब्द मोठा केला की उपरोध कळतो, हा नियम तिथे तुटतो जिथे खऱ्या लोकांचे शब्दच तेवढे मोठे झालेले असतात.

मराठी टोमणा नेहमी जास्त बोलूनच चालतो असे मी वर सुचवले. त्याला एक ठळक अपवाद आहे. पुणेरी पाटी हा केवळ लेखी असलेला मराठी उपरोध आहे आणि तो कमीत कमी बोलतो. त्याचे साधन कार्यालयीन मराठी : ‘कृपया’, ‘नोंद घ्यावी’, ‘अन्यथा’. अंगणात गाडी लावणाऱ्यावरचा राग नियमावलीच्या थंड भाषेत घातला की तो दुप्पट बोचतो. ब्रिटिश लेखकांच्या कोरड्या, सौजन्याने मारणाऱ्या वाक्यांसाठी घरगुती म्हणींपेक्षा हा साचा जवळचा आहे. आपला साहेब मनुष्य तसाच कोरडा असेल, तर ‘दिवे लावलेस’पेक्षा ‘आपल्या दक्षतेची नोंद घेतली आहे’ हे वाक्य त्याच्या तोंडी जास्त शोभेल.

उरणच्या या पट्ट्यात आणखी एक मोह होतो. इथली मूळ बोली आगरी-कोळी. तिच्यात ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो आणि तिची थट्टा धारदार असते. इंग्रजी पात्राचा टोमणा जिवंत करायला तो आगरीत घालावा, असे पुष्कळांना वाटते. पण प्रमाण मराठी वाचणाऱ्याला बोली दिसली की तो बोलणाऱ्यावर हसायला तयार होतो, आणि टोमण्यात तर बोलणारा वरचढ असायला हवा. सगळे पुस्तकच आगरीत असेल तर प्रश्न मिटतो. एका वाक्यापुरती बोली उसनी घेतली तर हसू चुकीच्या माणसावर येते.

आता कारकुनाकडे परत जाऊ आणि प्रसंग थोडा अवघड करू. समजा कथेत तो नवा आहे. ट्रेलर परत आल्याचे त्याला अजून कळलेले नाही. साहेब ‘नाइस गोइंग’ म्हणतात, तो हसून आभार मानतो आणि दोन वाक्यांनंतर त्याला खरा प्रकार कळतो. पक्के टोमणे बाद. ‘आपण’ बाद, कारण तेही उघड आहे. ‘छान झालं’ही बाद, कारण बोलणारा वरच्या जागेवर आहे, त्याला घटनेच्या आड लपायची गरज नाही. राहिले ‘शाब्बास’, ‘कमाल केलीस’ आणि ‘मानलं तुला’. ‘मानलं तुला’ बरोबरीच्या माणसांत शोभते. ‘कमाल केलीस’मध्ये केलेल्या गोष्टीकडे बोट आहे, नवखा कारकूनही विचारेल, ‘कसली?’ ‘शाब्बास’मध्ये तो प्रश्न उठत नाही. वडीलधारा माणूस ते कशालाही म्हणतो आणि लहान माणूस ते सवयीने खिशात घालतो.

पण नुसते ‘शाब्बास’ लिहिले तर वाचकही कारकुनासोबत फसेल. वाचकाने फसावे अशी मूळ लेखकाची इच्छा असेल तर ठीक. त्याने वाचकाला आधीच ट्रेलर गेटवर दाखवला असेल, तर मराठीत काहीच वाढवायचे नाही. आणि लेखकाला वाचकाच्या मनात फक्त शंका हवी असेल, तर एक अक्षर पुरते : ‘शाब्बास हं.’ हा ‘हं’ लहान मुलाचे कौतुक करतानाही लागतो आणि दम देतानाही. उद्गारचिन्ह मात्र तिथे देऊ नये. ते दिले की आवाज चढतो आणि साहेब हसताना दिसू लागतात. पूर्णविराम द्यावा. या मसुद्याची चाचणी घ्यायची असेल तर ज्याने मूळ इंग्रजी वाचलेले नाही अशा कुणाला एवढाच परिच्छेद द्यावा आणि साहेब खूश आहेत का, एवढेच विचारावे. उत्तर ‘हो’ आले तर शंका फारच झाकली गेली. ‘नाही’ आले तर ती आधीच फुटली. ‘थांब, पुढचं वाचू दे’ असे कोणी म्हणाले, की तो ‘हं’ तसाच ठेवावा.